राजीनामा बोनसच्या आधी की नंतर?

हिंजवडीत बहुतेक ठिकाणी नोटीस ९० दिवसांची, त्यामुळे ऑफर हातात पडली की लगेच राजीनामा टाकण्याची घाई होते. आधी बोनस पॉलिसीतली पात्रतेची ओळ वाचा. ‘पेआउटच्या तारखेला नोटीसवर नसावा’ असं लिहिलं असेल, तर वर्षभर राबूनही बोनस हातचा जातो.

समजा, बोनस ३० एप्रिलच्या पगारात आहे आणि शेअर १५ मेला व्हेस्ट होतात. पैसे खात्यात आणि शेअर डीमॅटमध्ये दिसले, की मगच मेल पाठवा. १६ मेला दिलात, तर शेवटचा दिवस १३ ऑगस्ट. नव्या कंपनीकडून जॉइनिंगची त्यानंतरची तारीख लेखी घ्या. अप्रेझलच्या पत्रासाठी मात्र थांबू नका, नव्या कंपनीतला पगार ठरलेलाच असतो.

जॉइनिंग बोनसच्या परतफेडीची मुदतही तपासा.