नवा आयफोन घेतलात? ॲपल वॉच जोडताना या चुका टाळा

दिवाळीचे सेल आटोपले की ओळखीतल्या कुणाचा तरी हमखास फोन येतो: "अरे, फोन बदलला आणि घड्याळातलं सगळं उडालं!" मुळात घड्याळात फारसं काही नसतंच. ॲपल वॉच पावलं, ठोके, व्यायाम मोजतं आणि आयफोनमधल्या हेल्थ ॲपकडे पाठवून देतं. वर्षानुवर्षांचा इतिहास राहतो तिथे, घड्याळात फक्त अलीकडचा. म्हणून काळजी घ्यायची ती जुन्या फोनची, आणि लोक नेमका तोच आधी देऊन टाकतात.

माझ्या मावसभावाने हेच केलं. पठ्ठ्या रोज पहाटे धावणारा. एक्सचेंजमध्ये जुना फोन न्यायला माणूस दारात उभा, म्हणून याने घाईघाईने तो पुसून हातात दिला. लॅपटॉपवर बॅकअप घेतला होता, त्यामुळे निर्धास्त होता. नव्या फोनवर फोटो आले, नंबर आले, पण हेल्थ ॲप कोरं. बॅकअप घेताना "Encrypt local backup" या चौकटीत टिक केली नव्हती. ती टिक आणि पासवर्ड नसेल, तर लॅपटॉपवरच्या बॅकअपमध्ये आरोग्याची माहिती जातच नाही. आणि याबद्दल नंतर कुणी काही विचारतही नाही, बॅकअप आपला "पूर्ण" दिसतो. आयक्लाउडने वाचवलं असतं, पण फुकटची ५ जीबी जागा भरल्यावर याने एकेक बटण बंद करत नेलं, त्यात हेल्थचंही बंद केलं. मोठी जागा फोटोंनी खाल्ली होती, हे बघायचे कष्ट कोण घेणार! धावण्याच्या नोंदी दुसऱ्या एका ॲपवर चढवत असे, तेवढ्या वाचल्या. रिंग्ज, बक्षिसं, ठोके, झोप सगळं गेलं. नंतर शिव्या मात्र घड्याळाला.

तेव्हा माझी पद्धत अशी. जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून आयक्लाउडमध्ये हेल्थ सुरू आहे ना ते बघतो, आणि फोन रात्रभर वायफायवर, चार्जरला लावून ठेवतो. लॅपटॉपचा बॅकअप घ्यायचाच असेल तर तो एन्क्रिप्टेडच घेतो.

दुसरी चूक क्रमाची. घड्याळ फोनपासून सोडवायचं ते जुन्या फोनवरूनच, दोन्ही शेजारी ठेवून: वॉच ॲप उघडा, All Watches मध्ये आपल्या घड्याळापुढच्या (i) वर टॅप करा आणि Unpair Apple Watch निवडा. असं केलं की पुसण्याआधी घड्याळाचा ताजा बॅकअप फोनमध्ये उतरतो. म्हणून फोनचा बॅकअप घ्यायचा तो या पायरीनंतर, आधी नाही. अधीर मंडळी थेट घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तिथूनच ते पुसतात. मग ताजा बॅकअप होत नाही, ॲक्टिव्हेशन लॉकही तसंच राहतं आणि जोडताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतं. घड्याळ कुणाला विकलं असेल तर त्या बिचाऱ्याचे हाल बघवत नाहीत.

नव्या फोनवर जोडताना "Restore from Backup" निवडा. यादीत बॅकअप दिसत नसेल किंवा जोडणीच अडत असेल, तर आधी नव्या फोनचं iOS अपडेट करा. डब्यातून आलेल्या फोनवर बरेचदा जुनी आवृत्ती असते. चुकून "Set Up as New" दाबलं तरी रडू नका. डायल आणि सेटिंग्ज पुन्हा लावाव्या लागतील, पण इतिहास फोनमध्ये आला असेल तर तो शाबूत असतो.

यानंतर येते ती सगळ्यात चीड आणणारी चूक: न थांबणं. आयक्लाउडवरून जुन्या नोंदी हळूहळू उतरतात. पहिल्या तासात आलेख रिकामा दिसला की लोक पुन्हा सोडव, पुन्हा जोड असा खेळ मांडतात. बाबांनो, फोन चार्जिंगला लावा आणि झोपा. सकाळी हेल्थ ॲपमध्ये पावलांचा आलेख उघडून वर्षाचा, म्हणजे Y चा, पर्याय दाबा. जुने महिने दिसले, फिटनेस ॲपमध्ये बक्षिसं दिसली, की मगच जुना फोन पुसायचा. एक्सचेंजवाल्याला दोन दिवसांनी बोलवा.

"Export All Health Data" करून झिप फाइल ठेवली की झालं, असंही काहीजण सांगतात. ठेवा खुशाल, पण ती फाइल हेल्थ ॲप परत आत घेत नाही. घड्याळाचा पासकोड आणि ब्लूटूथ इयरफोनची जोडणीही बॅकअपमध्ये येत नाही, ती नव्याने करावी लागते.