हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज विचारताना

पॅकेजचा आकडा एक आणि हाती पडणारे बिल दुसरेच, असे होऊ नये म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी बिलिंग विभागाकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे.

१. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव (दुर्बिणीने की उघडी, एका बाजूची की दोन्ही) सांगून दोन-तीन रुग्णालयांत एकाच दर्जाच्या खोलीचा दर विचारावा. कारण खोली बदलली की अनेक ठिकाणी सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा आकारही बदलतो.

२. हर्नियाच्या जागी बसवायची जाळी, ती पक्की करण्याचे साधन म्हणजे टॅकर, भूलतज्ज्ञांची फी, औषधे आणि आधीच्या तपासण्या पॅकेजमध्ये आहेत का, हे एकेक करून विचारावे. समजा, एकीकडे पॅकेज ७०,००० रुपये असून जाळी व टॅकरचे २५,००० वेगळे आहेत आणि दुसरीकडे सर्व धरून ८५,००० आहेत, तर दिसायला महाग असलेले दुसरे पॅकेजच दहा हजारांनी स्वस्त पडते.

३. पॅकेजमध्ये किती दिवस धरले आहेत आणि मुक्काम वाढल्यास रोजचा दर काय, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.

विमा असल्यास खोलीभाड्याची मर्यादा आधी पाहावी. ती ओलांडल्यास अनेक पॉलिसींत भाड्याबरोबर इतर रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात.