चाळीस मिनिटांची रापण वीस मिनिटांत

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. देवबागच्या किनाऱ्यावर रापणीवर केलेल्या आमच्या माहितीपटाचा रफ कट 40 मिनिटांचा झाला होता. महोत्सवाची मर्यादा 20 मिनिटांची, श्रेयनामावली धरून.

आधी टाइमलाइनची प्रत काढा आणि मूळ कटाला हात लावू नका. मग प्रत्येक प्रसंग किती मिनिटांचा आहे ते कागदावर लिहा. आमचा हिशेब असा होता: सुरुवातीचा समुद्र 3, रापणीचा म्होरक्या असलेल्या तांडेलाच्या घराण्याची गोष्ट 7, रापण ओढणे 13, यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांचा वाद 7, लिलाव 6 आणि वाट्यांची वाटणी 4.

पहिले दोन दिवस मी प्रत्येक शॉटची शेपटी छाटत बसलो. चारच मिनिटे वाचली, शिवाय चित्रपट धापा टाकायला लागला, म्हणून ती छाटणी रद्द केली. निम्मी लांबी अशी कमी होत नाही, त्यासाठी अख्खे प्रसंग काढावे लागतात. कोणते, हे ठरवायला चित्रपट एका वाक्यात लिहा. आमचे वाक्य होते: ‘सगळ्यांनी मिळून ओढलेले जाळे सगळ्यांत कसे वाटले जाते.’ त्यात लिलाव बसेना, घराणेही बसेना. दोन्ही गेले आणि 27 मिनिटे उरली. लिलावातला आवाज मला फार आवडत होता, पण नाइलाज होता.

वादाचे वाक्य तेवढे ठेवले, तेही दोर ओढणाऱ्यांच्या दृश्यावर. बोलणारा माणूस दिसायलाच हवा असे नाही. त्या प्रसंगाची दीड मिनिटे झाली, समुद्राचे एक मिनिट, आणि एकूण साडेएकोणीस.

आता ओढण्याचा प्रसंग. पाय वाळूत रुततात, दोर इंचाइंचाने येतो. ही संथ लय कापली तर श्रमच दिसत नाहीत. म्हणून लांब शॉट तसेच ठेवले आणि त्याच हालचालीची पुनरावृत्ती करणारे दीड मिनिट काढले. एकूण 18 झाली, 50 सेकंदांच्या श्रेयनामावलीसह 18:50. जागा उरली म्हणून वाटणीला 40 सेकंद जास्त दिले.

मोठा प्रसंग काढला की त्यात दिलेली माहितीही जाते. घराण्याचा प्रसंग गेल्यावर तांडेल कोण हेच कळेना, हे आम्हाला आतेभावाला चित्रपट दाखवल्यावर समजले. त्याने विचारले, “ह्यो म्हातारो कोण?” मग तांडेलाच्याच मुलाखतीतले एक वाक्य होडी पाण्यात लोटतानाच्या दृश्यावर टाकले. चित्रपट न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि तो कुठे मोबाइल उचलतो ते टिपून ठेवा.

जोडांवर लाटांचा आवाज दचकून बदलत असेल, तर त्याच किनाऱ्यावर ध्वनिमुद्रित केलेली सलग गाज खालच्या ट्रॅकवर पसरवा. उपशीर्षके पुन्हा जुळवा, ती हमखास सरकलेली असतात. शेवटी तयार फाइलची लांबी प्लेअरमध्ये बघा. आमच्या फाइलच्या शेवटी बारा सेकंद नुसता काळा पडदा राहिला होता.