ग्राहकाने मागितलेली खास सोय नाकारायची कशी: देवगडच्या एका सामाईक बागेचं उदाहरण

आम्ही दोघे जण रत्नागिरीत आंबा बागायतदारांसाठी हिशोबाचं छोटं सॉफ्टवेअर चालवतो. बागेतून किती पेट्या गेल्या, कोणत्या गाडीने गेल्या, वाशीच्या कोणत्या दलालाकडे उतरल्या आणि त्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आल्यावर हातात किती पडले, एवढं ते सांभाळतं. दोन वर्षांपासूनचे आमचे एक ग्राहक देवगड तालुक्यातले आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. एका जानेवारीत त्यांचा फोन आला. बाग चार भावांची, सातबारा सामाईक. त्यांना हवं होतं ते असं: पट्टी भरली की चौघांचे वाटे आपोआप पडावेत आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा कागद निघावा.

मागणी रास्त होती, पण ती आम्ही पुरी केली नाही. नकार कसा दिला, ते या एकाच उदाहरणावरून क्रमाने सांगतो.

आधी मागणीच्या मागची गरज शोधा

फोनवर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ग्राहक मागतो ती त्याने स्वतः शोधलेली तोड असते, अडचण तिच्या मागे असते. म्हणून "तुम्हाला ही सोय का हवी?" असं विचारण्यापेक्षा "गेल्या मोसमात शेवटची पट्टी आली तेव्हा तुम्ही काय काय केलंत, ते सांगा" असं विचारा. "का" विचारलं की माणूस मागणीचं समर्थन करू लागतो. घडलेलं विचारलं की वहीत कुठे खोळंबा होतो ते कळतं.

काकांनी सांगितलं ते वेगळंच निघालं. वाट्यांची आकडेमोड त्यांना जड नव्हतीच. जूनमध्ये सगळे जमले की एका संध्याकाळी ती होते. त्रास होता एप्रिल-मे महिन्यात, मुंबईतल्या भावांचे फोन येत तेव्हा. "मुंबयसून भाव इचारता, पैशे इले काय? माका काय सांगूचा?" कोणत्या बागेचे किती आले, हे त्यांना त्या क्षणी सांगता येत नव्हतं, आणि त्यातून संशय वाढत होता. म्हणजे गरज होती बागवार हिशोब भावांसमोर उघडा ठेवण्याची. वाटणी हा त्याचा शेवटचा टप्पा होता.

मग स्वतःशी निर्णय करा, कारणांसकट

आम्ही आमच्या नोंदवहीत पाहिलं. भावकीच्या वाट्यांबद्दल आणखी दोन बागायतदारांनी विचारलं होतं. दोघांनाही फोन केला आणि लक्षात आलं की तिघांचे नियम तीन तऱ्हेचे आहेत. एकाकडे वाटे कलमांच्या संख्येवर होते. दुसऱ्याकडे फवारणीचा खर्च करणाऱ्या भावाला आधी त्याचे पैसे परत मिळायचे आणि उरलेल्याचे वाटे व्हायचे. काकांकडे तर बागेगणिक वाटे निराळे होते: खालची बाग चौघांत सारखी, वरची दोघांत निम्मी-निम्मी, आणि कातळावरची कलमं थोरल्याने लावली म्हणून त्याचे सात आणे, बाकी तिघांचे तीन-तीन आणे.

इथे नुसता बांधायचा वेळ मोजू नका. बांधायला आम्हाला तीन आठवडे लागले असते, तेही काढणीच्या तोंडावर. पण खरा खर्च पुढचा होता. दरवर्षी कुठल्यातरी घरात नियम बदलणार, दरवर्षी ती दुरुस्ती आम्ही करणार. शिवाय वाट्याचा छापील कागद एकदा आमच्या नावाने निघाला की घरातल्या वादात तो पुरावा म्हणून पुढे येणार. कोणाचा वाटा किती, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि आमच्या सॉफ्टवेअरने तसा आवही आणू नये.

मागणी कोणत्या जातीची आहे, हे मात्र आधी तपासा. मागितलेली गोष्ट आपण आधी कबूल केलेली असेल किंवा ती आपलीच चूक असेल, तर तिला खास सोय म्हणून नाकारायचं नाही, ती दुरुस्त करायची. पट्टीची बेरीज चुकते ही तक्रार आणि पट्टीचे वाटे पाडा ही मागणी एकाच फोनवर आली होती. पहिली आम्ही त्याच आठवड्यात निस्तरली.

पर्याय सांगण्याआधी स्वतः करून पाहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. न तपासलेला पर्याय सांगणं म्हणजे ग्राहकाला कटवणं, आणि त्याला ते लगेच कळतं. आम्ही काकांची परवानगी घेऊन त्यांची गेल्या मोसमातली एक पट्टी घेतली आणि आहे त्या सोयींमध्ये बसवून पाहिली.

पट्टी 40 पेट्यांची होती. त्यात वरच्या बागेच्या 24 पेट्या 1,900 रुपयांनी गेल्या होत्या आणि कातळावरच्या 16 पेट्या 2,150 रुपयांनी. एकूण 80,000. भाडं, हमाली वगैरे मिळून कपात 6,000, हाती 74,000. अडचण इथेच होती, कारण कपात सगळ्या पट्टीवर एकत्र लागते आणि बागा दोन आहेत. पेटीमागे कपात 150 रुपये पडते. म्हणून वरच्या बागेचे 45,600 वजा 3,600, म्हणजे 42,000. कातळाचे 34,400 वजा 2,400, म्हणजे 32,000. दोन्ही मिळून 74,000, हिशोब जुळला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पेट्या पाठवताना "बाग" असा एक रकाना आधीपासून आहे. काका तो रिकामा सोडत होते. तो भरला की पेटीमागे कपात वाटून बागवार निव्वळ रक्कम निघते आणि ती यादी फाईल म्हणून उतरवून घेता येते. ती गूगल शीटमध्ये 'पट्टी' नावाच्या पानावर टाकली, C रकान्यात बाग आणि D मध्ये निव्वळ रक्कम ठेवली, आणि वेगळ्या पानावर प्रत्येक भावासाठी एक ओळ लिहिली. थोरल्या भावाच्या कातळाच्या वाट्याची ओळ अशी:

```
=SUMIF('पट्टी'!C:C,"कातळ",'पट्टी'!D:D)*7/16
```

या पट्टीवर उत्तर आलं 14,000, आणि बाकी तिघांना 7 च्या जागी 3 घातल्यावर प्रत्येकी 6,000. शीट चारही भावांना फक्त पाहण्यापुरती उघडी केली की मुंबईच्या फोनचं उत्तर मुंबईतच मिळतं. वाटे बदलले तर घरच्यांनी आकडा बदलायचा, आमची वाट पाहायची नाही.

या पर्यायाची मर्यादाही आम्ही लिहून ठेवली. फाईल दर वेळी हाताने उतरवून शीटमध्ये टाकावी लागते. आणि पेट्या भरताना कोणती पेटी कोणत्या बागेची, ही खूण खळ्यावरच झाली पाहिजे. दोन बागांचा आंबा एकाच पेटीत गेला तर ना शीट काही करू शकते ना आम्ही.

आधी बोला, नंतर लिहा

जुन्या ग्राहकाला नुसता मेसेज टाकून नकार देऊ नका. फोन करा किंवा जाऊन भेटा, आणि बोललेलं त्याच दिवशी लिहून पाठवा. वेळ पाहा. एप्रिलमध्ये काढणी चालू असताना दिलेला नकार ग्राहकाच्या काही कामाचा नसतो, कारण पर्याय बसवायला त्याला हात रिकामा नसतो. आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं.

"बघूया", "पुढच्या मोसमात प्रयत्न करू" हे शब्द तोंडात आणू नका. आपण ते भिडेपोटी म्हणतो आणि मनात नकार असतो. पैसे भरणारा ग्राहक मात्र तो शब्द दिलेला समजतो आणि पुढच्या जानेवारीत आठवण करून देतो. तसंच "तांत्रिक अडचण आहे" हेही सांगू नका, खरीच असल्याशिवाय. घरातला कोणी कॉम्प्युटर शिकलेला भाचा "हे दोन दिवसांचं काम आहे" म्हणेल, आणि तो अगदीच चुकीचा नसेल. करता येत नाही आणि करणार नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपली कोणती ते स्पष्ट सांगा.

फोननंतर आम्ही पाठवलेला मजकूर असा होता:

> काका, नमस्कार. भावांचे वाटे आपोआप पाडण्याची सोय आम्ही करणार नाही. ते तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे मोसमाआधी दुसरी व्यवस्था करता येईल.
>
> कारण असं: प्रत्येक घराचे वाट्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात. आम्ही सॉफ्टवेअर पेटी बागेतून निघाल्यापासून पट्टीचे पैसे जमा होईपर्यंतच ठेवणार आहोत. सध्या पेट्या आणि पट्टी यांची तफावत लगेच दिसावी यावर काम चालू आहे. पैसे घरात आल्यानंतरची वाटणी आम्ही त्यात घेणार नाही.
>
> तुमची खरी अडचण भावांना बागवार रक्कम कळण्याची आहे. गेल्या मोसमातली तुमची 40 पेट्यांची पट्टी घालून एक शीट तयार केली आहे, सोबत जोडली आहे. आकडे तपासून पाहा. फाईल हाताने उतरवावी लागते, एवढी गैरसोय राहील. रविवारी फोन करतो, एक पट्टी आपण मिळून भरू.

नकार पहिल्याच वाक्यांत आहे, कारण खरं आहे, आणि पुढे काय करतो आहोत ते तारखेशिवाय सांगितलं आहे. तारीख दिली की तेही एक वचन होतं. "दुर्दैवाने", "क्षमस्व" यांची रांग लावलेली नाही. एवढ्या माफीने ग्राहकाला वाटतं की थोडा जोर लावला तर हे ऐकतील.

"पैसे देतो" म्हटलं तर

काकांनी तसं म्हटलं. आम्ही सांगितलं की बांधायचे पैसे तुम्ही एकदा द्याल, पण ती सोय आम्हाला दरवर्षी सांभाळावी लागेल. प्रत्येक बदलानंतर तुमच्या एका घरासाठी वेगळी तपासणी करायची, तीही मोसमात. हे त्यांना पटलं. बागेत एकच वेगळ्या जातीचं कलम असलं तर त्याची फवारणी वेगळी सांभाळावी लागते, हे त्यांनीच उलट सुनावलं.

पटलं नसतं तर त्यांचा सगळा डेटा फाईलमध्ये देऊन उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करायची आमची तयारी होती. ग्राहकाला दुसरीकडे जाणं सोयीचं असेल तर अडवू नका, आणि जाताना त्याचा हिशोब अडकवून तर मुळीच ठेवू नका.

शेवटी नोंद ठेवा: मागणी काय, कोणी, का नाकारली आणि काय बदललं तर पुन्हा उघडायची. आमच्या वहीत या मागणीपुढे लिहिलं आहे: "फाईल दर वेळी हाताने उतरवावी लागते ही तक्रार आणखी पाच जणांनी केली, तर बागवार यादी थेट शीटला जोडायचं काम घ्यावं. वाटे नाहीत." मे महिन्यात काकांचा फोन आला तो शीटमध्ये रायवळच्या पैशांसाठी बागांच्या यादीत चौथं नाव कसं घालायचं, ते विचारायला.