भेंड्यांसाठी स्वतः रचलेल्या ओळी, आणि शेवटी सोपं अक्षर

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेल्या गाडीत आंबा घाट येईपर्यंत भेंड्या रंगात आलेल्या असतात. तेवढ्यात कुणाचं तरी गाणं ‘ण’वर संपतं आणि समोरचा गट गप्प होतो. शाळेत चढाओढीच्या भेंड्या असतील तर तेही ठीक आहे. पण तीन-चार तासांच्या प्रवासात, आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळे खेळत असताना, प्रत्येकाला गाता येईल असं अक्षर पुढे जायला हवं. त्यासाठी घरूनच चार-सहा छोटी कडवी रचून न्यावीत. मात्र प्रत्येक गटाला अशी किती कडवी चालतील, हे खेळाआधी ठरवा.

सोपं अक्षर ओळखायची खूण अशी, की रोजच्या बोलण्यातली वाक्यं ज्या अक्षरांनी सुरू होतात त्यांची गाणी चटकन आठवतात. मी-माझा, तू-तो, हा-ही, जो-जेव्हा, का-कधी, सांग, ये, ने, असा. म्हणजे म, त, ह, ज, क, स, य, न आणि अ. याउलट ळ आणि ण यांनी मराठीत शब्द सुरूच होत नाहीत. काही घरांत त्यांच्याऐवजी ल आणि न घेतात, काही घरांत घेत नाहीत, त्यामुळे वादच होतो. ठ, ढ, थ, छ यांची गाणी असतात, पण एक-दोन झाली की भेंडी चढलीच.

अडचण अशी, की आपली भाषा बिनबोभाट याच अक्षरांकडे नेते. जाणे, येणे, गाणे म्हटलं की ‘ण’ आला. पुढे म्हणजे ‘ढ’, साठी म्हणजे ‘ठ’, जवळ म्हणजे ‘ळ’, माझा-तुझा म्हणजे ‘झ’. आणि भूतकाळात लिहिलं की गेला, आली, निघालो, सगळंच ‘ल’वर थांबतं. ‘ल’ तसा अवघड नाही, पण पाच वेळा आल्यावर कुणाकडे गाणी उरत नाहीत.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेला साचा अभंगाचा. त्यात चार चरण असतात, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं जुळवायचं. चार अक्षरांच्या शेवटच्या चरणाला यमकाचं बंधन नाही, म्हणून तिथे हवं ते अक्षर आणता येतं. चालही सगळ्यांना तोंडपाठ.

आता एक कडवं करून पाहू. आधी चारही चरण मनात येतील तसे लिहा:

गाडीत बसलो । घाटात शिरलो ।
धुक्यात भिजलो । सारे जण ॥

ऐकायला छान, पण शेवट ‘ण’. पहिले तीन चरण तसेच ठेवा आणि फक्त शेवटची चार अक्षरं बदला. ‘एकसाथ’ केलं तर ‘थ’ आला, शिवाय इंजिनाच्या आवाजात तो ‘त’ ऐकू येतो आणि भांडण लागतं. ‘मनसोक्त’ म्हटलं तर जोडाक्षर, मग क धरायचा की त? ‘आनंदात’ केलं की चार अक्षरं नेमकी बसतात आणि ‘त’ मिळतो:

गाडीत बसलो । घाटात शिरलो ।
धुक्यात भिजलो । आनंदात ॥

‘वाटेत’, ‘गावात’, ‘उन्हात’ असे शब्द कुठेही ‘त’ देतात. ‘ही’ जोडलं की ‘ह’ मिळतो. हे दुसरं कडवं ‘त’वरच सुरू होतं, म्हणजे ‘त’ तुमच्याकडे आला तर कामी येईल:

तिखट चिवडा । पुढे जरा वाढा ।
डब्यातून काढा । करंज्याही ॥

इथे शेवटी आधी ‘गोड पेढे’ सुचतात, तेही चार अक्षरं, पण ‘ढ’. खायचे पदार्थ या बाबतीत फार फसवे: लाडू, चकली, शंकरपाळे, भाकरी, एकेकाचं शेवटचं अक्षर तपासून घ्या. अगदीच अडलं तर शेवटी साद घाला. ‘गं’, ‘रे’, ‘ना’, ‘जी’ हे लोकगीतांतले जुने सोबती ग, र, न, ज देतात. पण प्रत्येक कडव्याला ‘गं’ लावलंत तर ‘ल’सारखीच गत होईल, म्हणून सगळ्या कडव्यांची शेवटची अक्षरं एका ओळीत लिहून काढा आणि एकच अक्षर दोनदा आलं तर त्यातलं एक बदला.

लिहून झालं की प्रत्येक शेवटच्या अक्षरावर तीन गाणी स्वतः आठवून बघा, आणि त्यातलं एक तरी घरातल्या लहानग्याला येतं का ते विचारा. येत नसेल तर चौथा चरण पुन्हा लिहा. गाडीत कडवं म्हणून झाल्यावर अक्षर मोठ्याने सांगायचं, “त आला, त!”, म्हणजे मागच्या सीटवरच्यांनाही कळतं.