कादंबरीतल्या परदेशी शाळेतल्या मुलाचं नाव कसं तपासावं

जळगावचं कुटुंब इंग्लंडला गेलंय, मुलगी तिथल्या शाळेत. आजीला आपलं वाटेल आणि बाईंना हजेरीत जमेल असं नाव ठरवता ठरवता लिखाण अडतं. यावर सोपा उपाय.

१. खानदेशातूनच चार-पाच नावं काढा. नद्या, देवता, संत, काहीही. मी तापी, रेवा, मुक्ता घेतली.

२. ती रोमन लिपीत टाइप करून फोनच्या इंग्रजी आवाजाकडून वाचून घ्या. Mukta लिहिलं की ‘मक्टा’ व्हायची शक्यता मोठी, Tapi चं ‘टॅपी’, Reva चं फार तर ‘रीवा’. ण, ळ, ज्ञ आणि ख-घ-भ असलेली नावं इथेच गळतात.

३. आता तेच नाव आजीच्या तोंडी द्या. अहिराणी घरात ळ चा बऱ्याचदा य होतो, म्हणजे ‘नीळकंठ’ आजीसाठी ‘नीयकंठ’ आणि शाळेसाठी ‘नीलकंठ’. अशी ओढाताण कथेला हवी असेल तर खुशाल ठेवा. नको असेल तर रेवा उत्तम: नर्मदेचंच नाव, आणि ती नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहते. आजीने ‘रेवाबाई’ म्हटलं तरी शोभतं.

मला स्वतःला थोडं बिघडणारं नावच आवडतं, प्रसंग आयते मिळतात. मात्र बिघडलेला उच्चार फक्त शाळेतल्या संवादात, तोही दोन-तीनदाच लिहा. निवेदनात नाव कायम घरचंच राहू द्या, नाहीतर वाचकाला दोन मुली वाटतात.