पॉडकास्टवर पाहुणा म्हणून जायचंय? माझे सात मेल वाया गेले, मग काय बदललं ते सांगतो

मी बॅकएंडला काम करतो आणि आमच्या टीममध्ये डीबीए नाही, त्यामुळे डेटाबेसचे बॅकअप बघायचं काम कुणी न सांगताच माझ्या गळ्यात पडलं. त्यातून जे शिकलो ते कुठेतरी बोलावं असं वाटायला लागलं, म्हणून आमच्या क्षेत्रातले पॉडकास्ट शोधून सात होस्टना मेल टाकले. सहा जणांकडून काहीच नाही. आता तो मेल वाचला की मलाच कसंतरी होतं, पण तुमच्यासाठी जसाच्या तसा देतो:

"नमस्कार, मी तुमच्या पॉडकास्टचा मोठा फॅन आहे. मी अनुभवी सॉफ्टवेअर इंजिनिअर असून क्लाउड, डेटाबेस, डेव्हऑप्स, टीम बिल्डिंग अशा अनेक विषयांवर बोलू शकतो. माझा प्रवास तुमच्या श्रोत्यांना नक्कीच प्रेरणादायी वाटेल. प्रोफाइल सोबत जोडली आहे."

सातव्या होस्टने मात्र उत्तर दिलं. दोनच वाक्यं होती: "विषय काय? आणि तो ऐकून माझ्या श्रोत्याला काय करता येईल?" मला राग आला खरंतर, म्हटलं विषय दिलेत की चार चार. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की चार विषय दिले म्हणजे एकही दिला नाही, त्यातून एपिसोड शोधून काढायचं काम मी त्या माणसावरच ढकललं होतं. नोकरी सांभाळून पॉडकास्ट करणारा माणूस ते कशाला करेल, तो पुढचा मेल उघडतो.

मग मी आधी विषय बारीक करायला बसलो. डेटाबेस म्हटलं तर समुद्र. बॅकअप म्हटलं तरी त्यावर शंभर लोक बोलून गेलेत. माझ्याकडे माझं असं एकच होतं, की आम्ही एकदा रात्रीची बॅकअप फाइल घेऊन कोऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघितलं आणि ते झालंच नाही. स्क्रीनवर एरर्सची रांग लागली, सगळ्या साधारण अशाच:

```
ERROR:  role "app_user" does not exist
```

कारण अगदी साधं निघालं. `pg_dump` एकाच डेटाबेसचा बॅकअप घेतो, पण पोस्टग्रेसमधले युजर म्हणजे रोल हे त्या डेटाबेसच्या आत नसतात, ते पूर्ण सर्व्हरचे असतात, त्यामुळे ते वेगळे काढावे लागतात `pg_dumpall --globals-only` वापरून. आम्ही ते कधी काढलेच नव्हते आणि बॅकअप मात्र रोज रात्री हिरवी टिक दाखवत होता. वर मॅनेजरला आम्ही "तासाभरात परत उभं करू" असं सांगून ठेवलेलं, प्रत्यक्षात पाच तासांच्या जवळपास लागले कारण डेटा लवकर भरला पण इंडेक्स परत बनायला वेळ खाल्ला.

हाच माझा विषय. डीबीए नसलेल्या टीमने पहिल्यांदा रिस्टोअर करून बघताना काय काय अडतं. एका वाक्यात कुणाचा प्रॉब्लेम आहे आणि नेमका कुठला क्षण आहे हे सांगता आलं की विषय पुरेसा बारीक झाला असं समजा. आणि यात मोठा माणूस असण्याची गरजच पडत नाही, उलट नुकतंच ठेचाळलेल्या माणसाला दगड नेमका कुठे होता ते जास्त चांगलं आठवतं.

आता होस्ट निवडायचं. सरसकट पाठवू नका. पॉडकास्ट उघडून शेवटचे दहा एपिसोड बघा, शेवटचा कधी आलाय (पाच-सहा महिने काही नाही म्हणजे बहुतेक बंद पडलाय), पाहुणे येतात का होस्ट एकटाच बोलतो, आणि येतात ते कोण असतात. सगळे फाउंडर आणि लेखकच असतील तर तिथे आपलं काम नाही, वाईट वाटून घेऊ नका, पुढे चला. पाहुण्यांसाठी फॉर्म दिलेला असेल तर फॉर्मच भरा, मेलने शॉर्टकट मारू नका. पत्ता कुठेच सापडत नसेल तर पॉडकास्टच्या आरएसएस फीडमध्ये `<itunes:email>` टॅग असतो त्यात कधीकधी मिळतो, हल्ली बरेच जण तो लपवतात.

मग ऐकायचं. वर्णन वाचून भागत नाही. मला ज्या होस्टला लिहायचं होतं त्याचे तीन एपिसोड मी पूर्ण ऐकले आणि त्यातल्या बॅकअपवाल्या एपिसोडमध्ये खजिना सापडला. पाहुणा ३-२-१ नियम समजावत होता, म्हणजे तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या स्टोरेजवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. होस्टने विचारलं की हे रिस्टोअर होतं का ते किती दिवसांनी तपासायचं? पाहुणा "नियमितपणे" म्हणाला आणि पुढे गेला. होस्टला जे हवं होतं ते मिळालं नव्हतं, आणि माझ्याकडे नेमकं तेच होतं!

मग हा मेल गेला:

विषय: पाहुणा म्हणून एक विषय – बॅकअप रोज होतो, पण रिस्टोअर झालाच नाही

"नमस्कार, बॅकअपच्या एपिसोडमध्ये ३१व्या मिनिटाला तुम्ही विचारलं होतं की रिस्टोअर किती दिवसांनी तपासायचा, त्याचं उत्तर राहून गेलं. त्यावर एक एपिसोड सुचवतो.

आमच्या टीममध्ये डीबीए नाही. पहिल्यांदा रिस्टोअर करून बघितला तेव्हा तो फसला आणि एका तासाच्या जागी जवळपास पाच तास लागले. का फसला आणि आता आम्ही दर महिन्याला काय करतो ते सांगू शकतो.

ऐकणाऱ्याला हे करता येईल: स्वतःच्या बॅकअपमध्ये युजर आणि परवानग्या येतायत का हे दहा मिनिटांत तपासणं. कोऱ्या मशीनवर पहिली चाचणी लावणं. मॅनेजरला रिस्टोअरचा वेळ अंदाजाने नाही तर मोजून सांगणं.

मी बॅकएंड इंजिनिअर आहे, ही चाचणी दर महिन्याला स्वतः चालवतो. प्रॉडक्ट विकायचं नाही. मी कसा बोलतो ते कळावं म्हणून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग लिंकवर ठेवलंय."

स्वतःबद्दल शेवटी दोन ओळी, बस. आणि श्रोत्याचा फायदा लिहिताना प्रत्येक वाक्यात करण्यासारखी एक गोष्ट ठेवलीये बघा. "बॅकअपचं महत्त्व कळेल" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं, कारण ऐकणाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. तपासून बघायची सोपी पद्धत म्हणजे ते वाक्य एखाद्या सहकाऱ्याला दाखवा आणि विचारा की हे ऐकून तू काय करशील, तो "हं, चांगलंय" म्हणाला तर परत लिहा. रेकॉर्डिंग मी फोनवरच केलं होतं, तिसऱ्या टेकला. ज्याने आधी कुठे बोललेलं नाही त्याच्याबाबत होस्टची खरी भीती ही असते की हा माणूस माइकसमोर गप्प बसला तर काय, ती दोन मिनिटांत जाते.

मेल पाठवायच्या आधी मॅनेजरला विचारून घेतलं होतं की काय बोललेलं चालेल. क्लायंटचं नाव नाही, डेटाचे नेमके आकडे नाहीत, बाकी चालेल म्हणाला. हे आधीच करा, होस्टने हो म्हटल्यावर ऑफिसने नाही म्हटलं तर तो दरवाजा कायमचा बंद होतो.

नऊ दिवस उत्तर नाही. मग त्याच मेलच्या धाग्यात एकच आठवण केली, तीही "माझा मेल बघितला का" अशी नाही. जानेवारी चालू होता, ३१ मार्चला वर्ल्ड बॅकअप डे असतो, म्हणून लिहिलं की त्या आठवड्यात एपिसोड ठेवायचा असेल तर फेब्रुवारीत कधीही रेकॉर्डिंगला मोकळा आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तो दीड-दोन महिने आधी रेकॉर्ड करून ठेवतो म्हणे, म्हणजे वेळ बरोबर जुळली. मार्चमध्ये लिहिलं असतं तर काही उपयोग नव्हता. या आठवणीलाही उत्तर आलं नसतं तर मी सोडून दिलं असतं, तिसऱ्या मेलने कुणाचं मन बदलत असेल असं मला वाटत नाही.

त्याने आधी वीस मिनिटांचा कॉल ठेवला. त्यात त्याने तीनपैकी मॅनेजरवाला मुद्दा काढून टाकला, माझा श्रोता हाताने काम करणारा आहे म्हणाला. मग विचारलं, हे फक्त लहान टीमचं दुखणं आहे का? हा प्रश्न येणार असं धरूनच मी गिटलॅबचं उदाहरण वाचून गेलो होतो. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याकडे चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा उडाला, तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की पाच वेगवेगळ्या उपायांपैकी एकही धड चालत नव्हता, आणि शेवटी एका इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. तर सांगायचं काय, आपल्या गोष्टीशेजारी ठेवायला एक जाहीर असलेलं उदाहरण हाताशी असू द्या, नाहीतर सगळं "आमच्याकडे असं झालं" एवढ्यावरच अडकतं.

एका होस्टने पाहुण्याकडून फी मागितली होती तीही सांगून टाकतो. मी दिली नाही, ज्याला पैसे घेऊन पाहुणे लागतात त्याचे श्रोते कितपत ऐकत असतील ही मला शंका आहे.

आणि एक चूक मी पुढेही केलीच. पहिल्याकडून उत्तर येत नाही म्हणून वाट बघताना तोच मेल, वरची ओळ तेवढी बदलून, दुसऱ्या एका होस्टला पाठवला होता. दोघांचे श्रोते जवळपास तेच. पहिल्याने हो म्हटलं आणि चार दिवसांनी दुसऱ्यानेही! एकच गोष्ट दोन्हीकडे सांगितली असती तर दोघांनाही फसवल्यासारखं झालं असतं, म्हणून दुसऱ्याला सरळ खरं लिहिलं की ही गोष्ट अमुक पॉडकास्टवर येतेय, त्याऐवजी रिस्टोअरचा वेळ मोजून मॅनेजरपुढे कसा मांडायचा यावर बोललो तर चालेल का. म्हणजे पहिल्याने काढून टाकलेला मुद्दा. त्याच्याकडे टीम लीड जास्त ऐकतात, त्यामुळे त्याला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला, फक्त त्याने अट घातली की पहिला एपिसोड आल्यानंतर महिनाभराने रेकॉर्ड करू.